मॅच फक्त 'हम्म', 'हो', 'बरी' पाठवते... पुढे बोलायचं की सोडायचं?

काय मंडळी, कशे आसात! आजचा व्हिडिओ मागच्या महिन्यापासून टाळत होते, पण कमेंटमध्ये दर दोन कमेंटींनंतर तोच प्रश्न, "ताई डेटिंग ॲपवर मॅच झाली पण एकेक शब्दात बोलते, काय करू", आणि मुलीसुद्धा विचारतात हं, "तो फक्त ओके आणि हाहा करतो". त्यामुळे करूनच टाकूया.

बेसिक गोष्टी पटकन. प्रोफाइल वाचा, नुसतं 'हाय' पाठवू नका, रात्री दीड वाजता 'जागी आहेस?' विचारू नका. हे तुम्हाला माहीत आहे, मी त्यावर वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. एका प्रेक्षकानं मला त्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट पाठवले, त्याच्या परवानगीनं सांगते, नाव-गाव बदललंय. समजा मुलगा फोंड्याचा, वेर्ण्याला एका औषध कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. मुलगी म्हापशाची. आता चॅट वाचते, आहे तसं.

तो: हाय, कशी आहेस?
ती: बरी
तो: जेवलीस?
ती: हो
तो: काय जेवलीस?
ती: शीत हुमण
तो: मस्त 👍 वीकेंडला काय प्लॅन?
ती: काही नाही
तो: हॉबीज काय तुझ्या?
ती: नाटक
तो: नाइस. जॉब कुठे करतेस?
ती: पणजी
तो: ओके

आणि खाली मला मेसेज, "ताई, हिला इंटरेस्टच नाही ना?"

अरे बाबा! थांब मरे जरा. परत वर जा. तिनं 'नाटक' म्हटलंय. आणि तिच्या प्रोफाइलवर, हे त्यानंच मला पाठवलंय, तिसरा फोटो आहे, नऊवारी, कपाळाला भलंमोठं कुंकू, मागे हिरवा पत्रा आणि आरशाला लावलेला बल्ब. म्हणजे नाटकाच्या मागची मेकअपची जागा. गोव्यातल्या माणसाला हे कळायला दोन सेकंद लागू नयेत, आपल्याकडे जत्रेला गावातलीच पोरं रात्रभर नाटक करतात. मुलीनं तुला आख्खा विषय हातात दिला आणि तू 'नाइस' म्हणून नोकरी विचारायला गेलास.

हेच मला तुम्हाला सांगायचंय, आणि मी हे तीनदा सांगणार आहे, कंटाळा आला तर सहन करा. एका शब्दाचे सगळे रिप्लाय सारखे नसतात. 'हम्म', 'ओके', 'काही नाही' हे बंद शब्द. त्यांना धरून पुढे जाताच येत नाही. पण 'नाटक', 'हुमण', 'पणजी' यांत काहीतरी आहे, ते धरता येतं. लांबी मोजू नका, त्या शब्दात धरायला काही आहे का ते बघा.

आता दुसऱ्या बाजूनं. समजा मीच ती मुलगी आहे. ऑफिसमधून घरी आले, बसमध्ये उभी आहे, एका हातात पिशवी, ॲपवर पाच-सहा जणांचे मेसेज आणि सगळ्यांचा प्रश्न 'जेवलीस का'. मी 'हो'च लिहिणार ना? निबंध लिहू काय? प्रश्नच एका शब्दाचा असेल तर उत्तर एका शब्दाचं येतं. यात तिचा ॲटिट्यूड वगैरे काही नाही. खाली कमेंटमध्ये एक दादा नेहमी लिहितात की "आजकालच्या मुलींना भाव खायची सवय". दादा, तुम्ही 'काय करतेस' हा प्रश्न दिवसातून किती जणींना पाठवता ते आधी सांगा, मग भावाचं बघू.

आणि गोव्याचं एक वेगळं आहे, बाहेरचे लोक हे विसरतात. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. मॅच झालेला मुलगा तुमच्या आत्येभावाच्या वर्गातला निघतो. नाटकात काम करणारी मुलगी आहे म्हटल्यावर गावाचं नाव सांगितलं की संपलं, घर कुठलं तेसुद्धा कळेल. आणि तिला हेही माहीत आहे की मुलं स्क्रीनशॉट काढून पाठवतात (मलाच पाठवलाय की). त्यामुळे सुरुवातीला मुली हात राखून बोलतात. 'पणजी' म्हणाली, ऑफिस सांगितलं नाही, ते बरोबरच केलं तिनं. तिथे 'पणजीत कुठे' म्हणून मागे लागलात तर पुढचं उत्तर अजून छोटं येईल.

तिसरी बाजू, जरा अभ्यासाची. हार्वर्डच्या संशोधकांचं 2017 मध्ये एक काम छापून आलं, प्रश्न विचारण्यावर. त्यात त्यांनी स्पीड डेटिंगचे संवादही तपासले. समोरचा जे बोलला त्यालाच धरून पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी जास्त होकार मिळाले. लक्षात घ्या, समोरच्याच्या उत्तराला धरून. जेवण, वीकेंड, हॉबी, जॉब अशी उडी मारणारे प्रश्न वेगळे, ते म्हणजे रेशन कार्डाचा फॉर्म भरून घेतल्यासारखं. अर्थात स्पीड डेटिंगचा तो भाग समोरासमोर बोलण्याचा होता, चॅटचा नाही, चॅटमध्ये चेहरा दिसत नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लावू नका. पण आपल्या पोराचं चॅट बघितलं की मुद्दा पटतो.

मग काय करायचं? त्याला मी सांगितलं, मागे जा, 'नाटक' परत उचल, आणि नुसता प्रश्न नको, आधी स्वतःचं काहीतरी ठेव. त्यानं लिहिलं ते असं:

"ए ते नाटक राहूनच गेलं. तो कुंकवाचा फोटो जत्रेतला काय? आमच्या वाड्यावरच्या नाटकात मी पडदा ओढायला असायचो, एकदा हिरोचं वाक्य संपायच्या आधीच पाडला, अजून शिव्या खातो."

बघा काय झालं यात. तिचा शब्द धरला, फोटो धरला, स्वतःची एक फजिती दिली, आणि तिनं उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. गाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रिप्लाय:

"हाहाहा. हो जत्रेतलाच. आमच्याकडे प्रॉम्प्टर झोपतो. तू अजून करतोस?"

ते शेवटचे तीन शब्द! मंडळी, मी रिप्लाय किती ओळींचा आहे ते बघतच नाही, मी हे शोधते. उलट प्रश्न आला का. किंवा न विचारता काही नवीन सांगितलं का, जसा तो झोपलेला प्रॉम्प्टर. किंवा दोन दिवस गप्प राहून तिनं स्वतःहून परत सुरू केलं का. यातलं काहीही एक अधूनमधून येत असेल तर माणूस कमी बोलणारा आहे एवढंच, बोलत राहा. आणि तुम्ही असे दोन-तीन नीट मेसेज टाकले, मध्ये एकेक दिवस जाऊ दिला, तरी यातलं काहीच आलं नाही, तर तिथे अजून मेहनत घालायची नाही. मुलींनो, हे तुमच्यासाठीही तसंच आहे. 'तो बिझी असेल' म्हणून तुम्ही जो पाचवा मेसेज टाइप करताय ना, तो पुसा.

भाषा पण बघा जरा. काही जण इंग्लिशमध्ये सुरुवात करतात कारण ॲप इंग्लिश आहे, आणि मग दोघंही अडखळतात. हा पोरगाही मध्येच इंग्लिश शब्द टाकायचा, म्हणून तर ते 'नाइस'. तिनं शीत हुमण लिहिलं तिथेच कळायला हवं होतं. घरात बोलता तसं लिहा, कोंकणी-मराठी मिसळ झाली तर होऊ दे.

बरं, पुढे काय झालं. आठ-दहा दिवस बरं चाललं, मग परत 'हम्म', 'हो'. त्यानं विचारलं, "आता अजून काय नवीन विषय काढू?" मी म्हटलं, विषय नको, भेटीचं विचार. चॅट कंटाळवाणं होतं तेव्हा बरेचदा चॅटचं काम संपलेलं असतं. पण 'भेटूया ना कधीतरी' असं नाही, त्याला 'हो बघू' हेच उत्तर येतं. दिवस, वेळ, जागा, आणि नाही म्हणायला सोपी वाट. त्याचं पहिलं डोकं होतं फोंड्याला कलामंदिरात नाटक बघायला बोलवायचं. आयडिया गोड आहे, पण पहिल्याच भेटीला तीन तास अंधारात, न बोलता, आणि रात्री ती म्हापशाला परत जाणार कशी? उशिरा बस मिळायची मारामार. त्यामुळे पणजी, दोघांना मध्ये पडते, तिचं कामही तिथेच:

"शनिवारी पाच वाजता पणजीत कॉफी? तासभरच. नाही जमलं तरी काही हरकत नाही."

उत्तर आलं: "शनिवारी तालीम आहे".

आता हे कसं वाचायचं? 'शनिवारी तालीम आहे, रविवारी चालेल' असं असतं तर प्रश्नच मिटला असता, दुसरा दिवस स्वतः सुचवणं म्हणजे यायचंय. नुसतं 'नाही जमणार' असतं तरी मिटला असता. हे मधलं आहे, कारण दिलंय पण दिवस दिला नाही. तालीम खरीही असेल. अशा वेळी लगेच 'मग रविवारी? मग सोमवारी?' करायचं नाही, कारण मग ती प्रत्येक दिवसाला कारण शोधत बसते आणि तुम्ही प्रत्येक कारणावर डोकं लावत बसता. त्यानं लिहिलं, "बरं, नाटक होऊ दे, मग तुला सोयीचा दिवस सांग". आणि थांबला. हे थांबणंच त्याला जमत नव्हतं, रोज मला स्क्रीनशॉट, "ताई ऑनलाइन दिसते पण मेसेज नाही". अरे ऑनलाइन असेल, तिला आई आहे, ग्रुप आहेत, तुझ्याचसाठी फोन उघडते काय ती!

दोन आठवडे झाले, तिनं दिवस सांगितला नाही. मग मी त्याला म्हटलं, सोड. चॅट तिथेच राहू दे, रोज उघडून बघू नकोस, दुसऱ्या मॅचशी बोल. तिला वाटलं तर तिच्याकडे तुझा मेसेज आहे, त्यात दार उघडंच आहे.

आणि प्लीज, जाता जाता तो एक मेसेज पाठवू नका. तुम्हाला माहितीये कुठला. "इंटरेस्ट नव्हता तर मॅच कशाला केलीस, टाइमपास करायचा होता तर आधी सांगायचं". कमेंटमध्ये काही जण अभिमानानं लिहितात की मी तिला चांगलं सुनावलं. कुणाला सुनावलंत? तिनं तुम्हाला काही कबूल केलं नव्हतं. ती अनमॅच करून मोकळी होते, चॅट दोघांकडूनही जातं, आणि गोव्यात तुमचा तो मेसेज तिच्या मैत्रिणीच्या फोनवर राहतो. पुढच्या जत्रेत पडदा ओढताना कोणीतरी ओळखेल.

स्वतः अनमॅच करायचं का? नुसता रिप्लाय येत नाही म्हणून गरज नाही. पण ते नाव वर दिसलं की तुमचा हात आपोआप तिकडे जात असेल तर करा, त्यात चूक काही नाही.

व्हॉइस नोट पाठवायची का, हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय, आणि एकानं स्वतःची चार मिनिटांची नोट मला नमुना म्हणून पाठवलीये. ती मी पूर्ण ऐकली, बसमधला कंडक्टरसुद्धा ऐकू येतो त्यात. त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलते. तोवर तुमच्या चॅटमधला असा सुटून गेलेला एक शब्द खाली लिहा, नाव-फोटो न टाकता. देव बरें करूं, भेटू.