पोहऱ्याचं पाणी आणि पावसाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

तौलनिक धर्माच्या परिसंवादासाठी मला विषय मिळाला आहे ‘गूढानुभव आणि त्याची समान लक्षणं’. हा विषय मी एका बागेपासून सुरू करते.

स्पेनमध्ये आविला नावाचं तटबंदीचं गाव आहे. तिथल्या कार्मेल पंथाच्या मठातल्या तेरेसा या साध्वीला तिच्या धर्मगुरूंनी सांगितलं, की तुला प्रार्थनेत जे अनुभव येतात ते लिहून काढ. १५६५ साली तिनं ते आत्मचरित्र पुरं केलं. अनुभव सांगायचे कसे या अडचणीत असताना तिला बाग सुचली. साधक म्हणजे माळी, मन म्हणजे जमीन, आणि प्रश्न एकच: झाडांना पाणी कुठून आणायचं?

तिनं चार रीती सांगितल्या. पहिली म्हणजे विहिरीतून पोहऱ्यानं शेंदायचं. हात भरून येतात, पाणी थोडंच येतं, आणि कधी कधी विहीरच आटलेली असते. ही सुरुवातीची प्रार्थना. मन सैरावैरा धावत असतं आणि त्याला पुनःपुन्हा ओढून आणावं लागतं. दुसरी रीत रहाटगाडग्याची. चाक फिरवायचं, गाडगी भरून वर येतात, कष्ट कमी आणि पाणी जास्त. इथं तेरेसा हळूच सांगते, की हे चाक मी स्वतः कधी कधी फिरवलं आहे. तिसरी रीत ओढ्याची किंवा नदीची. जमीन खोलवर भिजते, वरचेवर पाणी घालावं लागत नाही. या टप्प्यावर देवच जवळजवळ माळी झालेला असतो, असं ती म्हणते. आणि चौथी रीत पावसाची. आभाळातून पाणी येतं, बाग चिंब होते, माळ्याचा त्यात काही हात नसतो.

आता या बागेशेजारी दुसरं एक पुस्तक ठेवू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबरोला व्याख्यानं दिली आणि १९०२ साली ती ग्रंथरूपानं आली. गूढानुभव कशाला म्हणायचं याच्या त्यांनी चार खुणा सांगितल्या. तो शब्दांत मावत नाही. त्यातून काहीतरी कळलं अशी पक्की खात्री होते, म्हणजे ती नुसती भावना नसते. तो फार वेळ टिकत नाही. आणि तो आपल्या हातात नसतो, कुणीतरी आपल्याला उचलून धरलं आहे असं वाटतं. पहिल्या दोन खुणा असल्या की जेम्स यांच्या मते पुरे. उरलेल्या दोन तितक्या ठळक नसल्या, तरी बहुधा असतातच.

तेरेसाची चौथी रीत आणि जेम्स यांची चौथी खूण एकच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण तेरेसाकडून आपल्याला जास्त काही मिळतं. जेम्स यांची खूण ही टोकाची स्थिती आहे, तर तेरेसा तिथवर जाणारा सगळा उतार दाखवते. ‘मी करतो’ हे कसं पायरीपायरीनं कमी होत जातं, ते पोहरा, चाक, ओढा आणि पाऊस या चार चित्रांत दिसतं. पाऊस मागून मिळत नाही. पण माळी पोहरा टाकून आभाळाकडे बघत बसला, तर पाऊस पडेपर्यंत झाडं जळून जातील, हेही ती बजावते. प्रयत्नानं वाट तयार होते, अनुभव मात्र प्रयत्नाचं फळ म्हणून येत नाही. पुष्कळ परंपरांत ‘कृपा’ या शब्दाभोवती जो गोंधळ होतो, तो या एका चित्रानं बराच सुटतो असं मला वाटतं.

किती वेळ टिकतो, याबद्दलही ती नेमकं बोलते. मनाच्या सगळ्या शक्ती एकाच वेळी थांबतात तो काळ फार थोडा असतो, अर्धा तास म्हणजे खूपच झाला, आणि मला स्वतःला तेवढाही कधी लाभला असेल असं वाटत नाही, असं ती सांगते. जेम्स साडेतीनशे वर्षांनंतर जवळपास हीच मर्यादा देतात: अर्धा तास, फार तर तास-दोन तास.

शब्दांत न मावण्याच्या खुणेसाठी मी बगदादला जाते. अबू हामिद अल-गझाली हे तिथल्या निझामिया मदरशाचे मुख्य अध्यापक होते. त्या काळच्या इस्लामी जगातलं हे फार मोठं पद. १०९५ साली त्यांची जीभच चालेना. शिकवायला उभं राहावं तर शब्द फुटेना, घास गिळवेना, वैद्यांनी हात टेकले. शेवटी पद सोडून ते बाहेर पडले आणि अनेक वर्षं सूफी साधनेत राहिले. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी साधा दाखला दिला आहे. नशेची व्याख्या माहीत असणं आणि नशा चढलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिंगलेल्या माणसाला नशेची व्याख्या सांगता येत नाही, आणि ती सांगू शकणारा वैद्य शुद्धीवर असतो. आजारी वैद्याला आरोग्य म्हणजे काय ते पुरेपूर ठाऊक असतं, पण त्याच्याजवळ आरोग्य नसतं. सूफी मंडळी या कळण्याला ‘झौक’ म्हणतात, म्हणजे चव. जेम्स यांच्या पहिल्या दोन खुणा या एका शब्दात आल्या. चव सांगता येत नाही, पण ज्यानं चाखली त्याला गूळ गोड आहे की नाही याची शंका राहत नाही.

गझालींच्या त्याच पानांवर पुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या वाटेच्या शेवटी अशी जवळीक येते, की तिला कुणी ‘देव आपल्यात उतरला’ म्हणतात, कुणी ‘आपण देवाशी एक झालो’ म्हणतात, कुणी ‘आपण पोचलो’ म्हणतात. हे सगळं म्हणणं चूक आहे, असं ते लिहितात. जे झालं ते झालं, त्याबद्दल चांगलंच समज आणि हकीकत विचारू नकोस, अशा अर्थाची काव्यपंक्ती देऊन ते तिथं थांबतात. अनुभव आणि त्याला दिलेलं नाव यांच्यात अंतर आहे, हे त्यांना नऊशे वर्षांपूर्वी दिसलं होतं.

आजच्या अभ्यासकांचा वाद याच अंतरावर उभा आहे. डब्ल्यू. टी. स्टेस यांनी १९६० मध्ये मांडलं, की गाभा सगळीकडे एकच आहे आणि वेगळा असतो तो नंतर लावलेला अर्थ. १९७८ साली स्टीव्हन काट्झ यांनी उलट बाजू मांडली. अर्थ नंतर लागत नाही, तो आधीपासूनच अनुभवात शिरलेला असतो, कोरा अनुभव असा नसतोच. ख्रिस्ती साध्वीला ख्रिस्त भेटतो. बौद्ध भिक्खूला तो भेटत नाही, कारण ती वाट त्याच्या साधनेत कधी आखलेलीच नसते.

काट्झ यांचं बरंचसं मला पटतं. पण मदुराईतली एक घटना मला पूर्णपणे तिकडे झुकू देत नाही. १८९६ साली सोळा वर्षांचा एक शाळकरी मुलगा काकांच्या घरी माडीवरच्या खोलीत एकटा बसला होता. प्रकृतीला काही झालेलं नसताना त्याला एकाएकी मरणाची भीती वाटली. तो आडवा झाला, हातपाय ताठ केले, ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला आणि स्वतःलाच विचारलं: हे शरीर मेलं, तर मी मेलो का? तोच मुलगा पुढे रमण महर्षी म्हणून ओळखला गेला. वेदान्ताचे शब्द आपल्याला नंतर कळले, असं ते सांगत. घर शैव होतं, नायनार या तमिळ शिवभक्त संतांच्या कथा त्यानं वाचल्या होत्या, तेव्हा त्याची पाटी अगदी कोरी होती असं नाही. शिवाय ही आठवण पुष्कळ वर्षांनी सांगितलेली आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. तरीही ज्या तत्त्वज्ञानाच्या चौकटीत हा अनुभव आज बसवला जातो, ती चौकट त्याच्या हाती त्या दिवशी नव्हती. आपल्याकडे तुकोबा ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ म्हणतात, तेव्हा मराठी माणसाला ही खोली अनोळखी वाटत नाही. मात्र अभंग ही कविता आहे, त्याला साक्षीपुराव्यासारखं वाचू नये.

चार खुणांनी एक काम होत नाही, आणि ते सगळ्यात नाजूक आहे. खरा कुठला आणि भ्रम कुठला, हे त्या सांगत नाहीत. उपासानं आलेली ग्लानीसुद्धा शब्दांत मावत नाही आणि हातातही नसते. जेम्स यांनाही हे माहीत होतं. झाडाची पारख त्याच्या फळांवरून करा, असं ते सांगत. पण ही पारख प्रत्यक्ष कशी करायची, हे ज्यांच्यावर दुसऱ्यांची जबाबदारी होती त्यांच्याकडून शिकावं.

तेरेसा मठाधिपती झाली तेव्हा तिच्या हाताखालच्या काही जणी उपास आणि जागरणं करकरून निपचित पडून राहत आणि त्याला समाधी समजत. १५७७ साली लिहिलेल्या ग्रंथात तिनं यावर स्पॅनिशमध्ये शब्दांचा खेळ केला आहे. ज्याला त्या भावसमाधी म्हणतात, त्याला मी बधिरपणा म्हणते, असा त्याचा मतलब. एक जण तर आठ आठ तास तशी असे, शुद्ध हरपलेली नाही आणि देवाची जाणीवही नाही. जेवण, झोप आणि कमी तपश्चर्या एवढ्यावर ती बरी झाली. खऱ्या अनुभवानं शक्ती वाढते, माणूस नम्र होतो, कामाला लागतो. यानं नुसती अंगातली ताकद जाते.

श्रीलंकेत अनुराधपूरला पाचव्या शतकात बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. त्यात विपश्यनेच्या वाटेवरच्या दहा खोट्या चकाकी सांगितल्या आहेत. प्रकाश दिसणं, आनंद दाटून येणं, मन निवणं या त्यातल्या काही. या आल्या की साधकाला वाटतं, आपण पोचलो.

त्याच ठिकाणी महानाग थेरांची, म्हणजे एका ज्येष्ठ भिक्खूंची, गोष्ट येते. त्यांचे शिष्य धम्मदिन्न थेर यांना शंका आली, की आपले गुरू स्वतःला अर्हत समजतात, म्हणजे मनातले सगळे आस्रव, सगळे विकार संपलेला मुक्त पुरुष, पण ते तसे झालेले नाहीत. ते भेटायला गेले. प्रश्न विचारले, गुरूंनी सगळ्यांची बिनचूक उत्तरं दिली. हे ज्ञान कधी मिळालं, असं विचारलं, तर साठ वर्षांपूर्वी. मग धम्मदिन्न म्हणाले, भंते, एक हत्ती निर्माण करा. महानागांनी आपल्या सिद्धीनं पांढराशुभ्र हत्ती उभा केला. आता तो कान फाकवून, शेपूट ताठ करून, सोंड तोंडात घालून, भयंकर चीत्कार करत सरळ तुमच्या अंगावर येऊ दे. त्यांनी तसं केलं. हत्ती धावून येताना पाहिला आणि थेर उठून पळायला लागले.

धम्मदिन्नांनी हात पुढे करून त्यांच्या चीवराचा काठ धरला आणि विचारलं, भंते, ज्याचे आस्रव संपले त्याला भीती असते का?

साठ वर्षांची समजूत त्या काठाशी थांबली. महानाग शिष्याच्या पायाशी बसले आणि म्हणाले, मला आधार दे.