चौतीसशेचा फ्लॅट महाग, साडेसदतीसशेचा स्वस्त! ब्रोशरचा फोटो नीट वाचू या

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून)

राम राम मंडळी. हे दोन फोटो बघा. आमच्या दादानं काल रात्री पाठवले. पोट्टीचं कॉलेज नागपूरला आहे, म्हणून टू बीएचके बघणं चालू आहे. खाली मेसेज: "पहिल्याचा भाव फुटाला चौतीसशे अन् दुसऱ्याचा साडेसदतीसशे. पहिला घेऊन टाकू का बे?"

मी आयटीआयचा सिव्हिल ड्राफ्ट्समन, बारा वर्षं नकाशेच काढतो. म्हटलं दादा, थांब जरा. तू जिनिंगवर कापूस नेतोस. एका क्विंटलमधून रुई किती निघते? तेहतीस-पस्तीस किलो. बाकी सरकी. आता एकानं कापसाचा भाव सांगितला आणि दुसऱ्यानं रुईचा, तर तू दोन्ही भाव शेजारी ठेवून बोलशील का?

इथं तेच आहे. पहिल्या ब्रोशरवर मोठ्या अक्षरात १,०५० चौरस फूट, दर ३,४०० रुपये, म्हणजे ३५ लाख ७० हजार. दुसऱ्यावर ९४० फूट, दर ३,७५०, म्हणजे ३५ लाख २५ हजार. हे दोन्ही आकडे सुपर बिल्ट-अपचे. त्यात तुमच्या खोल्या असतात, बाहेरच्या भिंती असतात, बाल्कनी असते, शिवाय जिना, लिफ्ट, लॉबी, कधी क्लब हाउस, या सगळ्यातला तुमचा वाटा. तो वाटा किती धरायचा हे बिल्डर ठरवतो. रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात, व्याख्या आहे ती कार्पेट एरियाची. सुपर बिल्ट-अपची नाहीच.

मग दादा म्हणाला, "हं, कार्पेटही लिहिलं आहे ना खाली." लिहिलं आहे. पहिल्यावर ६९०, दुसऱ्यावर ६६०. भागून बघा. पहिला पडतो ५,१७४ रुपये फूट, दुसरा ५,३४१. दादा खूश. "हे तं सरळच हाय ना, पहिलाच सस्ता!"

आता हा फोटो मोठा करतो. (बोटांनी झूम करत) ६९० च्या डोक्यावर बारीक चांदणी दिसते? पानाच्या तळाशी तिचा अर्थ आहे: बाल्कनी व ड्राय बाल्कनी धरून. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला गेला की ही ओळ नुसती काळी रेघ दिसते, दादाला ती दिसलीच नव्हती. मी त्याला सांगितलं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तेव्हा ती वाचता आली.

कायद्यातलं कार्पेट काय ते ऐका. बाहेरच्या भिंती त्यात नाहीत, पाइपांच्या डक्ट नाहीत, तुमच्या मालकीची बाल्कनी आणि उघडी गच्ची नाही. आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र आहेत. म्हणजे पहिल्याचं ६९० हे रेराचं कार्पेट नाहीच. त्याच टेबलात शेजारी चौरस मीटर दिलेत: ५८.०६. चौरस मीटरला १०.७६४ नं गुणा, की चौरस फूट मिळतात. उत्तर ६२५. उरलेले ६५ फूट बाल्कन्या. दुसऱ्या ब्रोशरवर ६१.३२ मीटर, म्हणजे ६६०, आणि बाल्कनी ४५ फूट वेगळी लिहिलेली. तो माणूस सरळ निघाला.

आता एकाच मापानं भागू. फक्त कार्पेटवर पहिला ५,७१२ आणि दुसरा ५,३४१. बाल्कनी दोघांनाही धरली तर पहिला ५,१७४ आणि दुसरा बरोबर ५,०००. कसंही मोजा, साडेसदतीसशेवालाच स्वस्त.

लोडिंगवरही, म्हणजे घराच्या फुटांवर चढवलेल्या वरच्या फुटांवरही, एक गंमत होते. १,०५० मधलं ६९० घरात येतं, बाकी ३६०. ते एकूण १,०५० च्या हिशेबानं ३४ टक्के, पण ६९० च्या हिशेबानं ५२ टक्के. विक्रीवाला कुठला सांगेल, सांगायला नको. आणि खऱ्या ६२५ वर धरलं तर ६८ टक्के होतात! म्हणून मी टक्का विचारतच नाही, फूट विचारतो.

चौरस मीटरही चुकीचे छापले असतील तर? नकाशा बघा. पहिल्याच्या फोटोत खोल्यांची मापं आहेत. हॉल १० बाय १७ फूट ६ इंच, म्हणजे १७५. इथं जपून, १७ फूट ६ इंच म्हणजे साडेसतरा, १७.६ नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी हीच चूक केली होती आणि साहेबांनी अख्ख्या ऑफिससमोर ती वाचून दाखवली होती. असो. किचन ८ बाय १०, ऐंशी. बेडरूम १० बाय १२, एकशेवीस. दुसरी १० बाय साडेअकरा, एकशेपंधरा. दोन बाथरूम मिळून ५६, पॅसेज ४०. बेरीज ५८६. ६२५ मधून वजा केले तर ३९ फूट उरतात, तेवढी जागा आतल्या भिंतींना लागतेच. पण कार्पेट ६९० असतं तर १०४ फूट नुसत्या भिंतीच! टू बीएचकेमध्ये एवढ्या भिंती येणार कुठून?

हे कुणावर आरोप म्हणून सांगत नाही. करारनाम्यात रेराचं कार्पेट येणार, ५८.०६ मीटरच. आणि बांधून झाल्यावर जागा त्यापेक्षा कमी भरली, तर जादा घेतलेले पैसे परत मागता येतात. पण ते मोजतात ५८.०६ वरून. तुमच्या डोक्यातल्या ६९० वरून भांडता येणार नाही.

म्हणून टोकन द्यायच्या आधी maharera.maharashtra.gov.in वर जा. ब्रोशरवरचा P नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक टाका, किंवा क्यूआर कोड स्कॅन करा. तिथं फ्लॅटच्या प्रकाराप्रमाणे कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेलं असतं. ते आणि ब्रोशर जुळलं पाहिजे.

आपल्या तालुक्याच्या गावात मात्र एक अडचण आहे. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. बसस्टँडमागच्या तीन मजली स्कीम बहुतेक अशाच. अशा स्कीमचा आकडा रेराच्या वेबसाइटवर शोधत बसू नका. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि टेप घेऊन स्वतः मोजा, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

आणि हो, भागायच्या आधी वरची रक्कम पूर्ण करा. पहिल्याच्या ब्रोशरवर पार्किंग, विजेचं मीटर आणि सोसायटीचे अडीच लाख वेगळे आहेत. दुसऱ्यात धरलेले आहेत. ते मिळवले तर पहिला होतो ३८ लाख २० हजार, भागिले ६२५, म्हणजे ६,११२ रुपये फूट. बरं, पार्किंग कुठलं तेही विचारा. उघड्यावरची जागा कायद्यानं सगळ्यांची आहे, ती विकता येत नाही.

दादानं आज सकाळी पहिल्या बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. म्हणाला, कार्पेट किती मीटर आणि बाल्कनी किती मीटर, एवढं वेगळं लिहून पाठवा. तिकडून उत्तर आलं, "सर, आधी साइट व्हिजिटला या, चहा घेऊ." दादा म्हणाला, "चहा घरी पितो, तुम्ही मीटर पाठवा." दुपार झाली, अजून काही आलेलं नाही. रविवारी आम्ही दुसऱ्याकडे जातोय, टेप माझ्या पिशवीत टाकून ठेवलाय.