रोबोटिक शस्त्रक्रियेचं बिल: विमा कंपनी किती देते आणि कुठे हात आखडते

(इंदूरमध्ये लोकमान्यनगरातल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुम्ही बोलावलंत तेव्हा विषय सांगितलात 'नवीन उपचार आणि विमा'. त्यावर दोन दिवस बोलता येईल, पण मला तेवढं बोलायचं नाही आणि तुम्हाला ऐकायचंही नसणार. मी डॉक्टर असलो तरी नोकरीची बरीच वर्षं विम्याच्या क्लेमच्या फाइली तपासण्यात गेली. हल्ली ज्या फाइलीवरून सगळ्यात जास्त तंटा होतो, ती रोबोटिक गुडघ्याची. तीच आज उघडून बघू. स्टेम सेलचं शेवटी सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'रोबोटिक ऑपरेशन विम्यात बसत नाही' असं अजूनही कुणी ना कुणी ठामपणे सांगतो. पूर्वी ते बरंचसं खरं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि कंपन्यांना सांगितलं की हे उपचार पॉलिसीतून वगळायचे नाहीत. त्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे, डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन आहे, प्रोस्टेटची लेझर आहे, आणि एका विशिष्ट अर्थानं स्टेम सेलही आहे. जुन्या पॉलिसींनाही ऑक्टोबर २०२० पासून हे लागू झालं. तुमच्या पॉलिसीत 'मॉडर्न ट्रीटमेंट' नावाचा परिच्छेद सापडेल, त्यात हीच यादी जवळजवळ त्याच शब्दांत असते.

पण यादी देताना नियामकानं कंपन्यांना एक मोकळीकही दिली. उपचार वगळता येणार नाही, मात्र त्यावर पोटमर्यादा घालता येईल. सगळी मेख तिथे आहे. रोबोटिकला पैसे मिळतात का, हा प्रश्न आता उरला नाही. किती मिळतात, हा उरला.

आता 'आरोग्य संजीवनी' घ्या. २०२० पासून सगळ्या कंपन्या एकाच मजकुरानं विकतात ती ही पॉलिसी. तुमच्यापैकी अनेकांकडे असेल, कारण हप्ता परवडतो. तिच्यात आधुनिक उपचारांसाठी विमा रकमेच्या पन्नास टक्के एवढीच मर्यादा आहे. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये पाच टक्के वाटा आपला.

एक फाइल सांगतो. सदुसष्ट वर्षांच्या काकू, दोन्ही गुडघे झिजलेले, पाच लाखांची आरोग्य संजीवनी. पॉलिसी घेतल्यावर सांधेरोपणाला जो प्रतीक्षा काळ असतो तो पूर्ण झालेला. हे आधी बघायचं बरं का, कारण ऑपरेशन रोबोटनं केलं म्हणून प्रतीक्षा काळ माफ होत नाही. रुग्णालयानं सांगितलं, साधं ऑपरेशन केलं तर दोन्ही गुडघ्यांचे तीन लाख ऐंशी हजार. रोबोटनं केलं तर वर एक लाख, म्हणजे चार लाख ऐंशी हजार. मुलानं हिशेब केला की एक लाखच जास्त जातायत, आईसाठी करू. चांगला मुलगा आहे, यात वाद नाही.

आता कंपनीचा हिशेब बघा. साध्या ऑपरेशनच्या बिलातून हातमोजे, किट, नोंदणी वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे वीस हजार गेले. उरले तीन लाख साठ हजार. त्यातले पाच टक्के आपले, म्हणजे अठरा हजार. कंपनीनं दिले असते तीन लाख बेचाळीस हजार, आणि घरातून गेले असते अडतीस हजार.

रोबोटिकच्या बिलातूनही वीस हजार गेले, उरले चार लाख साठ हजार. पण आता आधुनिक उपचारांची मर्यादा लागली: पाच लाखांच्या निम्मे, अडीच लाख. त्यावर पाच टक्के, साडेबारा हजार, वजा. कंपनीनं दिले दोन लाख साडेसदतीस हजार. घरातून गेले दोन लाख साडेबेचाळीस हजार. रोबोटचे पैसे एक लाख, आणि खिशातून जास्तीचे गेले दोन लाखांवर. कारण मर्यादा रोबोटच्या जादा लाखाला लागत नाही, ती अख्ख्या ऑपरेशनला लागते.

(सभागृहातून प्रश्न: डॉक्टरसाहेब, मग रुग्णालयाला सांगून नुसतं 'नी रिप्लेसमेंट' लिहून घेतलं तर?)

हा प्रश्न येणार हे माहीतच होतं. काका, तसं करू नका. आम्ही फक्त बिल वाचत नाही, ऑपरेशनच्या नोंदी आणि डिस्चार्ज समरीही वाचतो. रोबोटिक गुडघ्यात बरेचदा आधी सीटी स्कॅन करून हाडाचा नकाशा तयार करतात, हाडात छोटे खिळे रोवून त्यावर मागोवा घेणारी खूण बसवतात. ते सगळं नोंदीत येतं. स्कॅनचं बिल असतं, वापरून टाकायच्या वस्तूंचं बिल असतं. माहिती लपवल्याचं निघालं, तर अडीच लाखांची गोष्ट बाजूला राहते आणि क्लेमच अडकतो. रुग्णालयाच्या काउंटरवरचा माणूस 'होऊन जाईल साहेब' म्हणतो, पण ते त्याच्या सहीवर होत नसतं, तुमच्या सहीवर होतं.

सगळ्या पॉलिसी अशाच आहेत का? नाही. काहींत आधुनिक उपचार पूर्ण विमा रकमेपर्यंत असतात. काहींत रोबोटिकसाठी ठरावीक रुपयांची मर्यादा असते, आणि ती विमा रकमेप्रमाणे बदलते. मुलाच्या किंवा सुनेच्या कंपनीची समूह पॉलिसी असेल, तर तिथल्या अटी त्या मालकानं ठरवून घेतलेल्या असतात. ते कागद एचआरकडून मागवा. 'पूर्ण कव्हर आहे' हे एजंटचं वाक्य पुरेसं नाही. मॉडर्न ट्रीटमेंटचा परिच्छेद डोळ्यांनी वाचा आणि त्यातला आकडा कागदावर लिहून घ्या.

जिथे मर्यादा नाही तिथेही एक कात्री असते: 'वाजवी आणि रूढ खर्च'. कंपनी म्हणते, या शहरात या ऑपरेशनचा प्रचलित दर अमुक आहे, वरचं आम्ही का द्यावं? सरकारी कंपन्यांचं तर अनेक रुग्णालयांशी पॅकेज ठरलेलं असतं, ते साध्या ऑपरेशनचं. रोबोटचा आकडा त्याच्या बाहेर राहतो, आणि रुग्णालय दाखल करतानाच तुमच्याकडून लिहून घेतं की फरक आम्ही भरू. तो कागद घाईत सही करायच्या गठ्ठ्यात असतो.

मग करायचं काय? रुग्णालयाकडून दोन अंदाजपत्रकं घ्या, एक साध्या पद्धतीचं, एक रोबोटिकचं, आणि रोबोटचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. पूर्वमंजुरीच्या अर्जात शस्त्रक्रियेचं नाव खरं आणि पूर्ण लिहायला सांगा. कंपनीचं किंवा तिच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचं, म्हणजे टीपीएचं, मंजुरीपत्र आलं की नुसती वरची रक्कम बघू नका. मॉडर्न ट्रीटमेंटची मर्यादा लावली आहे का, ते बघा. हे सगळं दाखल व्हायच्या आधी, कारण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलता येते. पहिली मंजुरी बहुतेक वेळा अंशतः असते आणि खरी कात्री डिस्चार्जच्या दिवशी लागते. त्या दिवशी वाद घालायला अंगात बळ नसतं, रुग्णाच्याही आणि नातेवाइकांच्याही.

आता माझं मत, आणि हे डॉक्टर म्हणून. प्रोस्टेटचा कर्करोग घ्या. ती गाठ ओटीपोटात खोल, अवघड जागी असते, रोबोटच्या हातांना तिथे खरोखर सोय होते, रक्तस्राव कमी होतो. शल्यविशारदानं कारण लिहून दिलं, तर मर्यादेच्या बाहेरचे पैसे भरण्यात अर्थ आहे. गुडघ्यात रोबोट हाड अचूक कापायला मदत करतो, सांधा सरळ बसतो, हे खरं. पण आत बसणारा सांधा तोच असतो, आणि काही वर्षांनी चालण्यात मोठा फरक पडतो असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला रोबोट लावण्याचं कारण मला तरी दिसत नाही. मला विचाराल तर काकूंना मी साधंच ऑपरेशन सुचवलं असतं, आणि हात कुणाचा आहे ते बघा म्हटलं असतं.

पैसे कापलेच तर भांडायचं कशावर? काकूंच्या पॉलिसीत पन्नास टक्के स्पष्ट लिहिलेत, तिथे फार जागा नाही. पण जिथे मर्यादा नेमकी कशाला लागते हे शब्दांतून कळत नाही, तिथे लढा. पॉलिसी कंपनीनं लिहिलेली असते, म्हणून मजकुरात संदिग्धता असेल तर तिचा फायदा ग्राहकाला द्यावा, असं आपल्या न्यायालयांनी धरलेलं आहे. कंपनीनं 'वाजवी खर्च' म्हणून कापलं असेल, तर तो दर कुठून आणला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं. तिथून समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, आपल्यासाठी भोपाळचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं.

आता स्टेम सेल. यादीत ते आहे असं मी म्हटलं, पण ओळ नीट वाचा: रक्ताच्या आजारांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण, तेही रक्त तयार करणाऱ्या पेशींचं. म्हणजे ल्युकेमिया, थॅलेसेमिया असले आजार. आपल्या एमवाय रुग्णालयात २०१८ पासून असं प्रत्यारोपण सुरू झालं, ते या प्रकारात बसतं. गुडघ्यात, पाठीत किंवा मधुमेहासाठी जे 'स्टेम सेल इंजेक्शन' म्हणून विकतात, ते यात नाही. त्याला कंपनी दोन कारणांनी नकार देते. एक, बरेचदा ते दाखल न होताच दिलं जातं. दुसरं जास्त भक्कम: पॉलिसीतली सोळा क्रमांकाची वगळणूक, 'अनप्रूव्हन ट्रीटमेंट'. ज्या उपचाराच्या परिणामाला पुरेसा वैद्यकीय आधार नाही, त्याचा खर्च मिळत नाही. इथे मी कंपनीच्या बाजूनं आहे. क्लिनिकवाल्यानं 'आयआरडीएआयच्या यादीत स्टेम सेल आहे' म्हणत कागद दाखवला, तर त्या ओळीतले 'रक्ताचे आजार' हे शब्द त्याला मोठ्यानं वाचायला लावा. आणि नातवंडाच्या जन्मावेळी नाळेतल्या पेशी साठवायचा खर्च कुणी विम्यातून मिळेल म्हणत असेल, तर तो उपचारच नव्हे. तिथे क्लेम करण्यासारखं काही नसतं.