टेपचा एक वेढा: मधुमेहाची तपासणी कुणी करायची, कधीपासून?

[दृश्य: शिलाई मशीन. सुईखालून सरकणारं कापड. बाईच्या गळ्यात मापाचा टेप.]

दिवसभरात ही ताई पंधरा-वीस जणींची कंबर मोजते. कुणाच्या ड्रेससाठी, कुणाच्या परकरासाठी. माप वहीत इंचांत लिहिलं जातं. याच टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटर छापलेले असतात, पण तिकडे पाहायची वेळ येत नाही. आणि स्वतःच्या पोटाभोवती टेप फिरवायचीही नाही.

आज दारात आशाताई आल्यात. हातात फॉर्म.

"वहिनी, तुमचं वय किती?"

"त्रेचाळीस. पण मला काही होत नाही बाई. साखरबिखर नाही मला."

मधुमेहाबद्दल बोलताना ही ताई आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, म्हणून तिचं उदाहरण घेऊन पुढे जाऊ.

'मला काही होत नाही' हे ती खरंच सांगते आहे. टाइप टू मधुमेह वर्षानुवर्षं काहीही न जाणवता अंगात राहू शकतो. खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं ही लक्षणं साखर बरीच वाढल्यावर दिसतात. म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही. भारतात सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी करायची असते, ती यासाठीच. अमेरिकेत सरसकट तपासणीचं वय पस्तीस आहे. आपल्याकडे तिशी का? कारण आपल्या लोकांना हा आजार कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो. उंचीच्या मानाने वजन किती हे बीएमआयचा आकडा सांगतो; गोऱ्या माणसाला पंचवीसच्या बीएमआयनंतर जादा वजनाचा म्हणतात, आपल्याकडे तोच आकडा तेवीस धरतात.

तिशीच्या आतल्या काहींनीही थांबू नये. वजन जास्त आहे आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे, किंवा पीसीओएस हा अंडाशयाचा विकार आहे, किंवा बीपी आहे, त्यांनी वयाकडे न बघता तपासावं. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढेही नेमाने तपासत राहावं. बाळ झालं, साखर उतरली, की फाईल कपाटात जाते. त्या फाईलसाठी मला फार वाईट वाटतं, कारण पुढे मधुमेह कुणाला होऊ शकतो हे ती आधीच सांगत असते.

[दृश्य: आशाताई टेप मागून घेतात.]

आता प्रश्नावली. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये भारतीय माणसांसाठी गुणांची एक पद्धत मांडली, इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर. तिच्यात प्रश्न फक्त चार आहेत. वय, पोटाचा घेर, अंगमेहनत आणि आई-वडिलांचा मधुमेह. आशाताईंच्या सरकारी फॉर्मवर हेच विषय आहेत, शिवाय तंबाखू आणि दारू. गुण मात्र आपण चेन्नईच्या पद्धतीने मोजू.

वय पस्तीसच्या आत असेल तर शून्य, पस्तीस ते एकोणपन्नास वीस, पन्नास आणि पुढे तीस. ताईला वीस.

मग घेर. इथे चूक सगळ्यात जास्त होते. पँटचा किंवा सलवारीचा नंबर म्हणजे घेर नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि 'माझी कंबर चौतीसच' म्हणतो. खालची बरगडी बोटाने शोधायची, खाली कमरेचं हाड शोधायचं, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरायचा. जाड कपडा बाजूला. पोट आत ओढायचं नाही. श्वास सहज सोडायचा आणि त्या क्षणी आकडा वाचायचा.

"चौऱ्याऐंशी," आशाताई सेंटिमीटरची बाजू वाचतात.

बाईला ऐंशीच्या आत शून्य, ऐंशी ते एकोणनव्वद दहा, नव्वद आणि पुढे वीस. पुरुषांना प्रत्येक टप्प्यात दहा सेंटिमीटर जास्त. ताईला दहा. ती अंगाने बारीकच दिसते, तरीही दहा.

"व्यायाम?"

"व्यायाम कसला? सकाळपासून कामच असतं की."

काम असतं, पण ते मशीनसमोर बसून. पायडल जाऊन मोटर बसली, तेव्हा पायांचंही काम गेलं. दमणं वेगळं आणि अंग हलणं वेगळं. कष्टाचं काम आणि नियमित व्यायाम असेल तर शून्य, बैठं काम आणि व्यायाम नाही तर तीस, अधलंमधलं असेल तर त्यामधले गुण. ताईला तीस.

"आईला, वडिलांना साखर?"

"नाही, आमच्यात कुणालाच नाही."

एकाला असेल तर दहा, दोघांना असेल तर वीस. ताईला शून्य. एकूण साठ. आणि साठ किंवा पुढे म्हणजे धोका जास्त.

[दृश्य: उपकेंद्र. बोटावर सुई, स्ट्रिपवर थेंब.]

साठ गुण म्हणजे मधुमेह झाला असं नाही. रक्त कुणाचं आधी तपासायचं, एवढंच ते सांगतात. मूळ अभ्यासात साठच्या रेषेने मधुमेह असलेल्या शंभरातले साधारण बहात्तर-त्र्याहत्तर पकडले. बाकीचे खाली राहिले. पंचावन्न वर्षांचा, पोट सपाट असलेला, कष्टाचं काम आणि रोज व्यायाम करणारा गडी फक्त तीस गुण घेतो, आणि तरीही त्याला मधुमेह असू शकतो. उलट मधुमेह नसलेल्या शंभरातले चाळीसजणही साठच्या वर गेले. म्हणून गुण कमी आले तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही, आणि लक्षणं असतील तर गुण मोजत बसायचंच नाही, थेट रक्त तपासायचं.

ताईच्या बोटाच्या रक्तात साखर आली एकशे बावन्न. जेवणाची वेळ न पाहता केलेल्या या तपासणीत एकशे चाळीसच्या वर गेलं की पुढे पाठवतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी आली एकशे आठ. मग पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं, एकशे अडुसष्ट.

उपाशीपोटी एकशे सव्वीस आणि दोन तासांनंतर दोनशे, इथून पुढे मधुमेह. ताई दोन्हींत अलीकडे आहे, पण शंभर आणि एकशे चाळीस या रेषांच्या पलीकडे. याला पूर्वमधुमेह म्हणतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए वन सी तपासणी उपाशी न राहता होते. मात्र लोह कमी असलेल्या बाईत ती खोटी वाढलेली दिसू शकते, म्हणून हिमोग्लोबिन बघूनच ती वाचावी. ताईचं रक्त पुन्हा वर्षाने तपासायचं.

मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की शंभरातले पन्नास गुण आपल्या हातात आहेत. वय आणि आई-वडील बदलत नाहीत. घेराचे वीस आणि मेहनतीचे तीस बदलतात. ताईच्या साठातले चाळीस असेच आहेत.

[दृश्य: पुन्हा मशीन. भिंतीवर कॅलेंडर, पुढच्या वर्षीच्या तपासणीचा महिना कोपऱ्यात लिहिलेला.]

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. "आईला कधी तपासलंय का?" आशाताईंनी जाताना विचारलं. ताई थांबली. तपासलं नव्हतं. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांच्यासाठी फॉर्मवर एकच चौकोन होता.

दोन आठवड्यांनी माहेरी गेल्यावर ताईने आईला केंद्रात नेलं. उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, एकशे बावन्न. आईचं औषध सुरू झालं. ताईच्या कागदावर आशाताईंनी साठ खोडून सत्तर लिहिलं.