मागाच्या खडखडाटात काकांचे शब्द

(दृश्य: सोलापूरच्या पूर्व भागातला चादरीचा कारखाना. धोटा डावीकडून उजवीकडे जातो. मागाचा आवाज पूर्ण.)

हा आवाज सोलापूरकरांना सवयीचा आहे. पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून चालताना कुठला कारखाना सुरू आहे, हे दाराबाहेरूनच कळतं. या मागांवरचा सात मिनिटांचा एक माहितीपट आम्ही आवाजाच्या टेबलावर घेतला आहे. त्यात एक विणकर काका बोलतात, मध्ये निवेदन आहे, माग आहेत आणि दोन मिनिटं सिद्धेश्वर यात्रेतली हलगी आहे.

(मागाचा आवाज हळूहळू खाली. काकांचा चेहरा.)

काका सांगतात, "जेकार्डचं कार्ड चुकलं, की मोराचा तुरा वाकडा येतो." कच्च्या मिक्समध्ये हे वाक्य मोबाइलवर लावलं, तर ऐकू येतं फक्त "मोराचा... वाकडा येतो." तुरा गायब. तो शब्द उच्चारला जातो नेमका त्याच क्षणी मागाचा ठोका पडतो आणि वर संगीतही असतं. क, ट, त, च ही व्यंजनं ओळखू येतात ती साधारण दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मागाच्या ठोक्याची धारही तिथेच आहे. म्हणून हेच वाक्य आम्ही कसोटीचं वाक्य ठरवलं. प्रत्येक बदलानंतर ते ऐकायचं.

(दृश्य: ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरचा पडदा. एकाखाली एक चार ट्रॅक.)

प्रोजेक्टचा दर ४८००० हर्ट्झ, कारण व्हिडिओचा आवाज बहुतेक याच दराने असतो. सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होतात आणि कशाचीही लांबी बदललेली नाही. ऑडॅसिटीत चित्र दिसत नाही, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळलेले ठेवायचे तर ही शिस्त पाळावीच लागते.

कामाला सुरुवात बोलण्यापासून. संगीत आणि माग म्यूट. निवेदन आणि मुलाखत, दोन्ही ट्रॅकना आधी हाय-पास फिल्टर लावला, ८० हर्ट्झवर. तो त्याखालचे सूर गाळतो. खोलीची घुमघुम आणि वायर हलल्याचे धक्के तिथेच गळतात.

मग प्रश्न आला काकांच्या आवाजामागे आधीच मिसळलेल्या मागांचा. त्यांच्या शेजारचा माग बंद केला होता, पण रांगेतले बाकीचे चालूच होते. इथे गोंगाट कमी करणारं Noise Reduction लावायचा मोह होतो. पण हे साधन पंख्याच्या किंवा एसीच्या एकसारख्या सुरावर चालतं. मागाचा आवाज एकसारखा नसतो, तो ठोक्यांचा असतो, आणि प्रत्येक ठोका वेगळा. जोर लावला की काकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडायला लागतो. म्हणून आम्ही फक्त सहा डेसिबलवर थांबलो. मोजून पाहिलं, तर उरलेला खडखडाट काकांच्या आवाजापेक्षा जेमतेम बारा डेसिबल खाली होता. तो आता कुठल्याही स्लायडरने वेगळा होणार नाही, कारण तो त्याच ट्रॅकमध्ये आहे.

यातून एक निर्णय झाला. काका बोलत असताना मागाचा वेगळा ट्रॅक चालवायचाच नाही. त्यांच्या मागे जो खडखडाट आहे, तो कारखान्याची जाणीव द्यायला पुरेसा आहे. मागाचा स्वच्छ, स्वतंत्र रेकॉर्ड केलेला आवाज निवेदनाखाली आणि बोलण्याच्या मधल्या मोकळ्या जागांत वापरायचा.

(दृश्य: Effect मेनू, Loudness Normalization.)

दोन्ही आवाजांना उणे २० LUFS वर आणलं. LUFS हे माणसाच्या कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं माप. नुसत्या लाटेची उंची पाहून ते कळत नाही. उणे २० ही शेवटची पातळी नाही, मिसळताना वर जागा राहावी म्हणून घेतलेली कामाची पातळी आहे. या खिडकीत मोनो ट्रॅकला दुहेरी मोनो मानायचं की नाही, याची एक खूण आहे. एका ट्रॅकला ती लावली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघांत तीन डेसिबलचा फरक पडतो आणि तो कुठून आला हे शोधत बसावं लागतं. आम्ही दोन्हीकडे खूण ठेवली.

आता संगीत.

(दृश्य: संगीताचा ट्रॅक, त्याच्या अगदी खाली बोलण्याचा ट्रॅक.)

Auto Duck हे साधन बोलणं सुरू झालं की संगीत आपोआप खाली घेतं. त्याला एक अट आहे: ज्याकडे पाहून संगीत खाली घ्यायचं, तो ट्रॅक संगीताच्या लगेच खाली हवा, आणि निवडायचं फक्त संगीत. आपल्याकडे आवाज दोन आहेत, म्हणून निवेदन आणि मुलाखत एकत्र करून एक तात्पुरता ट्रॅक बनवला आणि संगीताखाली ठेवला. काम झाल्यावर तो काढून टाकला. संगीताची एक मूळ प्रतही म्यूट करून ठेवली, कारण हा परिणाम ट्रॅकवर कायमचा बसतो.

पहिल्यांदा लावलं तेव्हा काका थांबले तरी संगीत वर येईना. कारण तोच खडखडाट. Auto Duck चा उंबरठा सुरुवातीला उणे ३० डेसिबलवर असतो. मागचे ठोके मधूनमधून त्याच्या वर जात होते आणि ऑडॅसिटीला वाटत होतं, अजून कुणीतरी बोलतंय. उंबरठा उणे २६ केला आणि संगीत मोकळं झालं. मग उलटी अडचण आली: काकांनी श्वास घेतला, की तेवढ्यात संगीत उसळायचं. त्यासाठी Maximum pause, म्हणजे बोलणं थांबल्यावर संगीताने किती वेळ खालीच राहायचं ते, एका सेकंदाचं दोन सेकंद केलं. काका शब्द शोधत बोलतात. त्यांच्या शांततेत संगीताने घाई करू नये.

(कसोटीचं वाक्य. "तुरा" अजून पुसट.)

मागाच्या ट्रॅकवर मात्र Auto Duck लावलं नाही. तिथे हाताने, लाटेवर बिंदू ठेवून आवाज वरखाली करणाऱ्या एन्व्हलप टूलने काम केलं. चित्रात माग दिसतो तेव्हा प्रेक्षकाला त्याचा आवाज हवाच असतो. तीन सेकंद तो पूर्ण ऐकवला आणि निवेदनाचा पहिला शब्द येण्याआधी दीड सेकंदात उतरवला. शब्दाबरोबर उतरवला असता, तर पहिला शब्दच गेला असता.

संगीतात Filter Curve EQ ने दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये चार डेसिबलचा उथळ खड्डा केला. बासरी ऐकताना तो जाणवत नाही.

(कसोटीचं वाक्य पुन्हा: "...मोराचा तुरा वाकडा येतो." आता स्पष्ट.)

आता कानाला बरं वाटतंय. पण तासभर तेच वाक्य ऐकलेला कान फसतो. शब्द पाठ झालेले असतात, म्हणून ते ऐकू आल्यासारखे वाटतात. इथे Analyze मेनूतलं Contrast कामाला येतं. हे साधन फारसं कुणी उघडत नाही, आणि मला तर ते सगळ्यात उपयोगी वाटतं. बोलण्याचा भाग निवडून एक माप, पार्श्वभूमीचा भाग निवडून दुसरं माप, आणि पुढ्यात फरक. वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीत, WCAG मध्ये, सर्वात वरच्या स्तराची अपेक्षा अशी आहे, की मागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान वीस डेसिबल खाली असावा. एकदोन सेकंदांचे अधूनमधून येणारे आवाज त्यातून वगळले आहेत.

एका वेळी एकच ट्रॅक मोजता येतो, म्हणून संगीत आणि माग आधी Mix and Render करून नव्या ट्रॅकवर घेतले. निवेदनाचं माप आलं उणे २१, पार्श्वभूमीचं उणे ३४. फरक तेरा. म्हणजे आणखी सात डेसिबल खाली. संगीत आणि माग दोन्ही निवेदनाखाली तेवढे उतरवले. काकांच्या भागात वीस गाठणं शक्य नाही, त्यांच्यामागचा खडखडाटच बारावर आहे. तिथे उपाय एवढाच, की संगीत त्यात भर घालणार नाही इतकं खाली न्यायचं. आम्ही ते पूर्ण काढलंच.

(दृश्य: सिद्धेश्वर यात्रा. नंदीध्वज, गर्दी, हलगी. "हर्र बोला हर्र" चा जयघोष.)

इथे कुणी बोलत नाही, म्हणून हलगी मोठी ठेवायची इच्छा होते. कच्च्या मिक्समध्ये ती उणे ९ LUFS होती आणि बोलणं उणे २१. यूट्यूब संपूर्ण व्हिडिओची सरासरी पाहतो. ती साधारण उणे १४ पेक्षा मोठी असली, तर सगळंच खाली आणतो. लहान असली, तर वर नेत नाही. दोन मिनिटांची हलगी आणि पाच मिनिटांचं बोलणं मिळून आमची सरासरी येत होती जवळजवळ उणे १४. कागदावर सगळं बरोबर. पण काका मात्र उणे २१ वरच, म्हणजे आधीच्या व्हिडिओवरून आलेला प्रेक्षक आवाज वाढवणार, आणि दोन मिनिटांनी हलगी त्याच्या कानावर आदळणार.

म्हणून हलगी उणे १५ वर आणली. बोलणं उणे २०. सगळ्याची सरासरी झाली उणे १८. आता एकत्र केलेल्या ट्रॅकवर Loudness Normalization उणे १४ ला लावलं, तर सगळं चार डेसिबलने वर आलं. काका पोचले उणे १६ वर. पहिल्यापेक्षा पाच डेसिबल वर, आणि तेही हलगी खाली आणल्यामुळे. हलगी आता उणे ११ वर आहे. ती बोलण्यापेक्षा मोठी आहे, पण दचकवत नाही.

(दृश्य: लाटेची टोकं शून्याच्या वर, तांबडी.)

Loudness Normalization लाटेच्या टोकांचा विचार करत नाही. हलगीचे काही ठोके शून्याच्या वर गेले. प्रोजेक्ट ३२ बिट फ्लोटमध्ये आहे, म्हणून अजून काही बिघडलेलं नाही, पण तसंच निर्यात केलं तर ठोके फाटतील. शेवटी लिमिटर, ठरवलेल्या पातळीवरची टोकं दाबणारा. नव्या लिमिटरमध्ये उंबरठा आणि make-up target दोन्ही उणे दीड ठेवले. वेगवेगळे ठेवले तर तो आवाजही वाढवतो आणि आत्ता मोजलेलं सगळं हलतं. उणे एक चालतं, पण हा लिमिटर नमुन्यांच्या मधली टोकं पाहत नाही. म्हणून अर्धा डेसिबल राखून ठेवला.

निर्यात केलेली फाइल एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या प्रोग्रॅमने तपासली:

```
ffmpeg -i chadar_mix.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटच्या ओळींत सरासरी उणे १४.२ आणि टोक उणे १.२. लिमिटरने थोडं कापलं, म्हणून सरासरी किंचित उतरली. एवढ्यासाठी पुन्हा काही करायची गरज नाही. हाच माहितीपट केवळ आवाजाच्या रूपात ॲपल पॉडकास्टला द्यायचा असेल, तर तिथली शिफारस उणे १६ ची आहे. वेगळा मिक्स लागत नाही. तीच फाइल दोन डेसिबल खाली घेतली की झालं.

(दृश्य: व्हिडिओ संकलनाचा पडदा. जुना आवाज म्यूट, नवा ट्रॅक शून्यापासून.)

व्हिडिओ चढवल्यावर प्लेअरवर उजवी क्लिक करून Stats for nerds उघडायचं. content loudness शेजारी शून्याजवळचा आकडा दिसला, तर यूट्यूबने आपल्या आवाजाला हात लावलेला नाही. अधिक तीन दिसलं, तर तेवढा खाली आणला आहे. उणे पाच दिसलं, तर आवाज लहान आहे आणि तो तसाच राहणार.