पासष्ट वॉटचा चार्जर, पंधरा वॉटचा फोन

मंडळी, आमच्या भाच्याची तक्रार साधी होती. फोन 45 वॉटचा, त्याला लावलेला लॅपटॉपचा चार्जर 65 वॉटचा, तरी चार्जिंग रडतखडत. चार्जर बिघडलाय, असं त्याचं ठाम मत. केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर लावून पाहिला, तर 9 व्होल्ट आणि 1.65 अँपिअर. म्हणजे जेमतेम 15 वॉट. चार्जर ठणठणीत होता, दोघांची बोलणी फिसकटली होती.

टाइप-सी केबलमध्ये सीसी नावाची एक बारीक तार असते. चार्जर तिच्यावरून आपल्याकडचा माल सांगतो: 5, 9, 15, 20 व्होल्ट, प्रत्येकापुढे किती अँपिअर. फोन त्यातला एक पर्याय मागतो. वॉटचा आकडा मोठा असून भागत नाही, फोनला हवं ते या यादीत असावं लागतं. भाच्याच्या फोनला पूर्ण वेगासाठी पीपीएस हवं होतं आणि लॅपटॉपच्या चार्जरकडे ते नव्हतं. म्हणून फोन 9 व्होल्टवर गप्प बसला.

पीपीएस म्हणजे काय? बॅटरीचं व्होल्टेज चार्जिंगभर हळूहळू चढत जातं. ठरावीक 9 व्होल्ट आले, की ते उतरवायचं काम फोनच्या पोटात होतं आणि फोन तापतो. पीपीएसमध्ये फोन चार्जरलाच सांगत राहतो, आता थोडं वाढव, आता थोडं. पायरी 20 मिलिव्होल्टची. आलेलं व्होल्टेज फोन फक्त निम्मं करतो, त्या हिशेबात करंट दुप्पट होतो, आणि बरीचशी उष्णता चार्जरमध्येच राहते.

मग 45 वॉटचा पीपीएस चार्जर आणला. तरी मीटर 25 च्या वर जाईना! आता दोष केबलचा. हा फोन 45 वॉट घेतो ते साधारण 10 व्होल्ट आणि 4.5 अँपिअरने. साधी सी-टू-सी केबल 3 अँपिअरची असते. 5 अँपिअरच्या केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप असते, तिच्याकडून होकार मिळाला तरच चार्जर 3 च्या वर जातो. केबल जाड आहे, वरून विणलेली आहे, यावरून काहीही कळत नाही. (दुकानदार मात्र तेवढंच दाखवतात.) 5 अँपिअरची केबल लावल्यावर मीटर चाळिशीपार गेला आणि स्क्रीनवर Super fast charging 2.0 आलं.

मात्र हे मोजताना बॅटरी 20-30 टक्क्यांवर आणि फोन गार असू द्या. बॅटरी भरत आली किंवा फोन तापला, की तो स्वतःच हात आखडता घेतो, आणि आपण उगाच केबलला शिव्या देतो.

ती जुनी केबल आता भाचा लॅपटॉपला लावतो. तिथे 65 साठी 20 व्होल्टवर 3.25 अँपिअर लागतात. केबलमुळे मिळतात 3, म्हणजे 60 वॉट. त्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.