बांध धुऱ्यावर नको, समपातळीवर हवा

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

पावसाची मोठी सर ओसरली की उताराच्या शेतात एक चक्कर मारा. पिकाच्या मुळाशी बारीक खडे उघडे पडलेले दिसतील, खालच्या कोपऱ्यात मऊ गाळ साचलेला असेल. तो गाळ म्हणजे तुमच्याच वरच्या पट्टीची माती. ओघळ दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासून ती चादरीसारखी सरकत असते.

बांध आपण घालतो, पण बहुतेक वेळा धुऱ्याच्या रेषेवर. पाणी धुरा ओळखत नाही. ते बांधाच्या कडेने सखल जागी धावतं, तिथे तुंबतं आणि बांध फोडतं. म्हणून बांध समपातळीवर हवा.

समपातळी काढायला गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. आधी उतार मोजा. 10 मीटर अंतरावर, वर आणि खाली, दोघांनी नळी धरली आणि जमिनीच्या पातळीत 30 सेंटिमीटर फरक निघाला, तर उतार 3 टक्के झाला. मध्यम पावसाच्या भागात अशा जमिनीवर दोन बांधांमध्ये साधारण 90 सेंटिमीटरचा उभा उतार ठेवतात, म्हणजे दर 30 मीटरला एक बांध. मग प्रत्येक बांधाच्या जागी आडवं चालत, दोन्ही टोकांचं पाणी सारखं दिसेल तिथे खुंट्या ठोकत जा. रेषा वाकडी आली तरी येऊ द्या.

बांधाची माती वरच्या अंगाने घ्या, पण खड्डे सलग खोदू नका. मध्ये माती सोडली नाही तर त्या खड्ड्यांचाच पाट होतो. भर दबते, म्हणून उंची पाव हिश्शाने जास्त धरा. आणि दगडी सांडवा विसरू नका. तो बांधाच्या माथ्यापेक्षा खाली असला, तरच जास्तीचं पाणी शांतपणे उतरतं. वरचा एक बांध फुटला की त्या लोंढ्याने खालचेही फुटतात.

भारी काळ्या जमिनीत मात्र हे चालत नाही. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पावसात वरच्या बाजूला पाणी साचून पीक पिवळं पडतं. तिथे बांधाला अगदी थोडा ढाळ देऊन पाणी गवताच्या चरात सोडावं. उतार 6 टक्क्यांच्या पुढे गेला की पायऱ्याच हव्यात. कोकणातली भाताची मजगी म्हणजे तेच.

बांधाच्या जोडीला, किंवा हलक्या उतारावर नुसती, वाळ्याची ओळ मला फार भरवशाची वाटते. पावसाच्या सुरुवातीला समपातळीवर 10 ते 15 सेंटिमीटरवर ठोंब लावा. पाणी ओळीतून गाळून पुढे जातं, माती मागे राहते, आणि दरवर्षी थर चढून तिथे आपोआप पायरी तयार होते. पण एक ठोंब मेला तर त्या फटीतून धार सुटते. म्हणून पहिली दोन वर्षं मेलेल्या ठोंबाच्या जागी लगेच नवा ठोंब लावत चला.